साठ्याचा आढावा: सतत की ठरल्या दिवशी?

*आमचा यंत्रांच्या सुट्या भागांचा घाऊक व्यवसाय आहे. बेअरिंग, पट्टे, ऑइल सील, मोटर असे साधारण नऊशे प्रकार आम्ही पंधरा-सोळा पुरवठादारांकडून घेतो. आजवर आमचे भांडारपाल दर शुक्रवारी साठा पाहून ऑर्डरी काढत आले. आता नवे सॉफ्टवेअर घेतले आहे. ते विकणारे म्हणतात, प्रत्येक मालाला रीऑर्डर लेव्हल लावा, साठा तिथे आला की ऑर्डर आपोआप निघेल, शुक्रवारची पद्धत जुनाट झाली. माझ्या भागीदारांना हे पटते, भांडारपालांना अजिबात पटत नाही. साठ्यात पैसा अडकू नये आणि ग्राहक रिकाम्या हाताने परत जाऊ नये, एवढेच मला हवे आहे. कोणती पद्धत धरावी?*

*— एक वाचक*

सप्रेम नमस्कार,

नऊशेच्या नऊशे प्रकारांना एकच पद्धत लावण्याचा विचार आधी बाजूला ठेवावा, असे मी सुचवेन. या दोन्ही पद्धती एकाच गोदामात सुखाने नांदू शकतात, आणि कोणत्या मालाला कोणती लावायची हे मालाकडे पाहून जितके ठरते त्याहून अधिक त्याच्या पुरवठादाराकडे पाहून ठरते. तुम्ही दिलेल्या माहितीवरून मी असे म्हणेन की, एकाच पुरवठादाराकडून गठ्ठ्याने येणारी बेअरिंग, पट्टे आणि सील शुक्रवारच्या आढाव्यावरच ठेवावीत, आणि मोटरींसारखा थोडका, महाग, सुटा मागवता येणारा माल सॉफ्टवेअरच्या हवाली करावा. भांडारपाल आणि सॉफ्टवेअरवाले दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. दोघांच्याही पद्धतीत एकेक खाचखळगा मात्र आहे, आणि तो न बुजवता कोणतीही पद्धत धरली तरी माल संपणारच.

प्रथम दोहोंतला नेमका फरक पाहू. सतत आढाव्यात साठ्यावर कायम नजर असते. तो रीऑर्डर लेव्हलला टेकला की ठरलेल्या संख्येची ऑर्डर निघते. म्हणजे किती मागवायचे ते ठरलेले असते, कधी मागवायचे ते बदलते. नियतकालिक आढाव्यात उलटे असते. दिवस ठरलेला असतो, आणि त्या दिवशी साठा एका कमाल पातळीपर्यंत नेण्यासाठी जेवढे लागतील तेवढे नग मागवले जातात. दोन्ही पद्धतींत सेफ्टी स्टॉक लागतो, पण तो किती काळाची अनिश्चितता पेलण्यासाठी लागतो, इथेच त्या वेगळ्या होतात. सतत आढाव्यात ऑर्डर दिल्यापासून माल येईपर्यंतचा काळ, म्हणजे लीड टाइम, तेवढाच धोक्याचा असतो. नियतकालिक आढाव्यात मात्र आज ऑर्डर दिली की पुढची संधी पुढच्या शुक्रवारी, आणि त्या पुढच्या ऑर्डरीचा माल येणार आणखी एका लीड टाइमने. त्यामुळे आजच्या ऑर्डरीला आढाव्याचे अंतर अधिक लीड टाइम एवढा सगळा काळ निभवावा लागतो.

एक बेअरिंग घेऊन हिशेब करू. कामाचे दिवस आठवड्याला पाच धरू. या बेअरिंगची रोजची सरासरी विक्री २० नग, त्यातला चढउतार (प्रमाण विचलन) ६ नग, आणि लीड टाइम ४ दिवस आहे असे समजू. विचलनाच्या दुप्पट सेफ्टी स्टॉक ठेवला, तर एका ऑर्डरीच्या काळात माल न संपण्याची शक्यता सुमारे ९८ टक्के मिळते. चढउतार मात्र दिवसांच्या संख्येबरोबर सरळ वाढत नाही, तो तिच्या वर्गमुळाने वाढतो, कारण काही दिवस जास्त खपते, काही दिवस कमी, आणि ते एकमेकांना थोडेफार भरून काढतात. म्हणून सतत आढाव्यात सेफ्टी स्टॉक २ × ६ × √४, म्हणजे २४ नग. चार दिवसांची विक्री ८० नग. रीऑर्डर लेव्हल १०४. शुक्रवारच्या पद्धतीत निभावण्याचा काळ ५ अधिक ४, म्हणजे ९ दिवस. सेफ्टी स्टॉक २ × ६ × √९, म्हणजे ३६ नग. नऊ दिवसांची विक्री १८० नग. कमाल पातळी २१६. शुक्रवार पाळण्याची किंमत या बेअरिंगपुरती १२ जादा नग, म्हणजे सेफ्टी स्टॉकमध्ये दीडपट वाढ.

सॉफ्टवेअरवाले तुम्हाला हाच दीडपटीचा आकडा दाखवतील, आणि तो खोटा नाही. पण तो लीड टाइमवर फार अवलंबून असतो. हेच बेअरिंग २० दिवसांनी येत असेल, तर सतत आढाव्यात सेफ्टी स्टॉक सुमारे ५४ नग आणि साप्ताहिक आढाव्यात ६० नग लागतो. फरक जेमतेम सहा नगांचा उरतो. जिथे माल मुळात महिनाभराने येतो तिथे ऑर्डर आज दिली की शुक्रवारी, याने विशेष काही बिघडत नाही. उलट माल दुसऱ्या दिवशी मिळत असेल, तर सतत आढाव्यात १२ नग पुरतात आणि साप्ताहिकमध्ये २९ लागतात. आढाव्याचे अंतर लीड टाइमच्या मानाने मोठे असेल तेव्हाच सतत आढावा खऱ्या अर्थाने साठा वाचवतो.

याहून मोठी गोष्ट पुरवठादाराच्या बेभरवशाची आहे, आणि ती या वादात सहसा कोणी काढत नाही. वरच्या हिशेबात लीड टाइम नेमका ४ दिवस धरला होता. तो कधी तीन, कधी पाच, असा सरासरी एका दिवसाने मागेपुढे होत असेल, तर त्या एका दिवसाच्या २० नगांची अनिश्चितताही जमेस धरावी लागते. तसे केले की सतत आढाव्याचा सेफ्टी स्टॉक २४ वरून ४७ वर जातो आणि साप्ताहिकचा ३६ वरून ५४ वर. म्हणजे दोन पद्धतींमधले अंतर दीडपटीवरून पंधरा टक्क्यांवर आले, आणि दोन्हीकडचा साठा मात्र फुगला. तुमच्या पुरवठादारांपैकी जे वेळा पाळत नाहीत, त्यांच्या मालाची आढावा-पद्धत बदलण्यात वेळ घालवण्यापेक्षा त्यांच्याशी पोचण्याच्या तारखेबद्दल बोलणे अधिक फायद्याचे ठरेल.

आता पुरवठादारांच्या प्रश्नाकडे येऊ, कारण तुमचा निर्णय खरा तिथेच आहे. समजा, एका पुरवठादाराकडून तुम्ही असे ३० प्रकारचे बेअरिंग घेता आणि प्रत्येकाची विक्री वरच्यासारखीच आहे. सतत आढाव्यात प्रत्येक प्रकार आपापल्या वेळी रीऑर्डर लेव्हलला येणार. एका वेळी ३०० नग, म्हणजे पंधरा दिवसांचा माल मागवला, तर प्रत्येक प्रकाराची ऑर्डर पंधरा दिवसांतून एकदा निघते. तीस प्रकारांच्या मिळून दिवसाला दोन, आठवड्याला दहा. एकाच पुरवठादाराकडून आठवड्याला दहा खेपा, दहा चलने, दहा बिले, दहा वेळा माल उतरवून मोजणे. शुक्रवारच्या पद्धतीत तीसही प्रकार एका ऑर्डरीत, एका गाडीत येतात.

याची किंमत काढू. साप्ताहिक पद्धतीत जादा सेफ्टी स्टॉक प्रकारामागे १२ नग, तीस प्रकारांचा ३६० नग. साठा बाळगण्याचा वार्षिक खर्च, म्हणजे अडकलेल्या पैशाचे व्याज, जागा, विमा, खराब होणे वगैरे, खरेदी किमतीच्या २० टक्के धरला, तर ३६० नग वर्षभर बाळगणे म्हणजे ७२ नगांच्या किमतीएवढा खर्च. दुसऱ्या बाजूला आठवड्याला नऊ खेपा वाचतात; वर्षाचे पन्नास आठवडे धरले तर ४५० खेपा. ७२ भागिले ४५० म्हणजे ०.१६. एका खेपेचा खर्च एका बेअरिंगच्या किमतीच्या सहाव्या हिश्श्याहून थोडाही जास्त असेल, तर शुक्रवार जिंकला. गाडीभाडे, हमाली आणि बिल नोंदवणाऱ्या माणसाचा वेळ यांची बेरीज सहाव्या हिश्श्याच्या खाली राहील असे बेअरिंग फारच महाग असले पाहिजे.

शिवाय हा हिशेब मी सॉफ्टवेअरच्या बाजूने झुकता ठेवला आहे. खेपेचा खर्च सगळ्या प्रकारांत वाटला गेल्यामुळे शुक्रवारी प्रत्येकाचे थोडेथोडे मागवता येते. दर आठवड्याला १०० नग आले, तर सेफ्टी स्टॉकच्या वरचा सरासरी साठा ५० नग राहतो. ३०० नगांच्या ऑर्डरीत तो १५० असतो. म्हणजे सेफ्टी स्टॉक १२ ने वाढला तरी एकूण सरासरी साठा प्रकारामागे जवळजवळ नव्वद नगांनी घटला. केवळ सेफ्टी स्टॉकची तुलना करून पद्धत निवडणारे इथे फसतात. अर्थात आठवड्याला तीस ओळींचा माल मोजून जागेवर लावण्याचे काम वाढते. ते जड जात असेल, तर आढावा दर शुक्रवारीच ठेवावा, पण प्रत्येक प्रकाराला एक खालची पातळी द्यावी आणि त्या दिवशी जे प्रकार तिच्या खाली असतील तेवढ्यांचीच ऑर्डर काढावी. ज्यांचा साठा अजून भरपूर आहे ते पुढच्या शुक्रवारची वाट पाहतील. तुमचे भांडारपाल अनुभवाने हेच करत असतील, असा माझा अंदाज आहे. फक्त ती खालची पातळी त्यांच्या डोक्यात आहे, कागदावर नाही.

पुरवठादाराने मंगळवारीच गाडी पाठवायची असे ठरवलेले असेल, किमान ऑर्डरीची अट घातली असेल, किंवा ठरावीक रकमेवर सूट देत असेल, तर एवढाही हिशेब नको. बुधवारी रीऑर्डर लेव्हल गाठली म्हणून सॉफ्टवेअरने ऑर्डर काढली, तरी ती मंगळवारपर्यंत पडूनच राहणार. अशा पुरवठादाराचा माल सतत आढाव्यावर ठेवून सेफ्टी स्टॉक २४ वर आणला, तर ती बचत कागदावरची ठरते, कारण निभावण्याचा काळ प्रत्यक्षात नऊ दिवसांचाच राहिलेला असतो.

मोटरींचे गणित पूर्णपणे वेगळे पडते. समजा, एका विशिष्ट मोटरीची विक्री दहा दिवसांत सरासरी एक, लीड टाइम दहा दिवस, आणि ती पुरवठादाराकडून स्वतंत्र खोक्यात, एकेक नग म्हणून येते. इथे एकत्र मागवून खेपेचा खर्च वाटण्यासारखे काही नाही. एक विकली की लगेच एक मागवायची, एवढाच नियम पुरेसा आहे. गोदामातल्या आणि वाटेतल्या मिळून तीन मोटरी कायम राहतील असे पाहिले, तर दहा दिवसांत तीनहून जास्त मागणी येण्याची शक्यता दोन टक्क्यांच्या आसपास राहते. हीच मोटर महिन्यातून एकदाच, म्हणजे वीस कामाच्या दिवसांनी पाहिली, तर तीस दिवस निभावायचे असतात. तेवढ्या काळात सरासरी तीन मोटरी लागतात आणि ९५ टक्क्यांच्या वर खात्री हवी तर सहा मोटरींची तयारी ठेवावी लागते. प्रत्यक्ष गोदामात सरासरी दोन मोटरी उभ्या राहतील की चार, असा हा फरक आहे. बेअरिंगच्या १२ नगांनी भांडवल हलत नाही, दोन जादा मोटरींनी हलते, आणि असे पन्नास प्रकार असतील तर चांगलेच हलते. इथे भागीदारांचे ऐकावे.

आता दोन्ही पद्धतींतले खाचखळगे. सतत आढावा नावाप्रमाणे सतत असेलच असे नाही. विक्रीच्या नोंदी संध्याकाळी एकदम चढवल्या जात असतील, तर तो वस्तुतः रोजचा आढावा झाला. सकाळी साठा ११० होता, दिवसभरात २० गेले, संध्याकाळी सॉफ्टवेअरला दिसले ९०. ऑर्डर १०४ वर निघायला हवी होती, ती ९० वर निघाली. हा खालचा उतार दर वेळी वेगळा असतो, पण आपल्या बेअरिंगसाठी तो सरासरी अकरा नगांच्या आसपास येतो. २४ नगांच्या सेफ्टी स्टॉकमधले ११ माल मागवण्यापूर्वीच खर्ची पडले, की उरलेल्या १३ नगांवर ९८ टक्क्यांची खात्री ८६ पर्यंत घसरते. उपाय सोपा आहे: रीऑर्डर लेव्हल ११ ने वाढवून ११५ करावी. एखादा ग्राहक एका वेळी चाळीस-पन्नास नग उचलत असेल, तर हा उतार आणखी मोठा असतो. माल नेहमी एखाद्या मोठ्या विक्रीनंतरच संपताना दिसला, तर रीऑर्डर लेव्हल या कारणाने अपुरी आहे असे समजावे.

सॉफ्टवेअर रीऑर्डर लेव्हलची तुलना नेमकी कशाशी करते, हे पहिल्याच दिवशी तपासून घ्यावे. तुलना फळीवरच्या साठ्याशी व्हायला नको. फळीवरचा साठा, अधिक वाटेत असलेला माल, वजा ग्राहकांना द्यायचा राहिलेला माल, या बेरजेशी व्हायला हवी. वीस दिवसांनी येणारे बेअरिंग घ्या. त्याची रीऑर्डर लेव्हल ४०० अधिक ५४, म्हणजे ४५४. एका वेळी १०० नग मागवत असाल, तर चार ऑर्डरी कायम वाटेत असतात आणि फळीवर ५४ ते १५४ च्या दरम्यानच नग दिसतात. फळीवरचा साठा ४५४ ला कधीच पोचत नाही. सॉफ्टवेअर केवळ फळीकडे पाहत असेल, तर त्याला रोज वाटेल की माल कमी आहे, आणि पहिली ऑर्डर पोचेपर्यंत वीस ऑर्डरी, म्हणजे २००० नग, वाटेला लागलेले असतील. ऑर्डर निघाल्याची आणि माल आल्याची नोंद त्याच दिवशी झाली नाही, तरीही थोड्या प्रमाणात हेच घडते.

सर्वांत कपटी दोष मात्र पुस्तकी साठ्याचा आहे. सॉफ्टवेअरमध्ये ११० नग दिसतात, प्रत्यक्षात फळी रिकामी आहे. चुकीचा कोड टाकला गेला, तुटका माल नोंद न करता काढला, कारण काहीही असो. फळी रिकामी म्हणून विक्री होत नाही, विक्री होत नाही म्हणून ११० चे १०४ होत नाहीत, आणि ऑर्डर कधीच निघत नाही. हा माल कायमचा गोठला. निकोल डीहोरेशियस आणि अनंत रामन यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका मोठ्या किरकोळ विक्री कंपनीच्या ३७ दुकानांतल्या सुमारे ३ लाख ७० हजार साठा-नोंदी तपासल्या होत्या. त्यांतल्या ६५ टक्के नोंदी प्रत्यक्ष साठ्याशी जुळल्या नाहीत. चूक प्रत्येक वेळी मोठी नसते, पण सतत आढाव्याला आधार फक्त नोंदीचाच असतो. शुक्रवारी फळीसमोर उभे राहून पाहणाऱ्या भांडारपालांना ही रिकामी फळी दिसते, आणि त्यांच्या पद्धतीची ही बाजू भागीदारांनी समजून घ्यायला हवी. गोठलेला माल शोधायचा असेल, तर ज्याची विक्री एरवी दर एक-दोन दिवसांनी होते, ज्याचा पुस्तकी साठा रीऑर्डर लेव्हलच्या वर आहे, आणि तरीही आठवडाभर एकही नग गेलेला नाही, अशा प्रकारांची यादी सॉफ्टवेअरमधून काढावी आणि आधी तेच मोजावेत.

शुक्रवारच्या पद्धतीतली चूक याहून साधी, पण तितकीच महाग असते. कमाल पातळी काढताना बहुतेक जण नऊ दिवसांची सरासरी विक्री बरोबर धरतात आणि सेफ्टी स्टॉक मात्र चार दिवसांच्या लीड टाइमवर काढतात. ३६ ऐवजी २४ नग ठेवल्याने खात्री ९८ वरून ९१ टक्क्यांपर्यंत उतरते. ऐकायला फरक थोडा वाटतो, पण वर्षाला पन्नास आढावे धरले, तर माल संपण्याची वेळ वर्षातून साधारण एकदा येण्याऐवजी चार-पाच वेळा येते. ही चूक ओळखण्याची खूणही आहे. आपल्या बेअरिंगची गाडी शुक्रवारच्या ऑर्डरीनंतर चार कामाच्या दिवसांनी, म्हणजे गुरुवारी येत असेल, तर माल मंगळवार-बुधवारी संपलेला आढळेल. तुटवडा असा दर वेळी गाडी येण्याच्या आदल्या एक-दोन दिवसांतच दिसला, तर भांडारपालांना दोष देण्यापूर्वी कमाल पातळी पुन्हा काढून पाहावी.

आढावा आठवड्याचाच असावा असे मात्र काही नाही, आणि हे शुक्रवारनिष्ठांनी ऐकावे. प्रत्येक पुरवठादारासाठी एका खेपेचा ठरावीक खर्च आणि त्याचा वर्षभरात खपणारा माल बाळगण्याचा खर्च यांवरून सोयीचे अंतर काढता येते: खेपेच्या खर्चाची दुप्पट घ्यावी, तिला वर्षभरात खपणाऱ्या मालाच्या किमतीच्या २० टक्क्यांनी भागावे आणि वर्गमूळ काढावे, उत्तर वर्षांत मिळते, त्याला पन्नासने गुणले की आठवडे मिळतात. आलेला आकडा एक, दोन किंवा चार आठवड्यांपैकी जवळच्याशी बिनधास्त जुळवावा. फोर्ड हॅरिस यांनी १९१३ साली मांडलेल्या ऑर्डर-संख्येच्या सूत्राचा हा एक मोठा दिलासा आहे: अंतर दुप्पट चुकले तरी हा खर्च फक्त २५ टक्क्यांनी वाढतो, आणि दीडपटीच्या आत चुकले तर नऊ टक्क्यांहूनही कमी. हिशेब बारा दिवस म्हणाला तर दोन आठवडे धरा. दशांशांवर वेळ घालवू नका. मोठ्या पुरवठादाराचा आढावा आठवड्याला, मधल्यांचा पंधरवड्याला, बारक्यांचा महिन्याला असे ठेवले, तर भांडारपालांचा शुक्रवारही हलका होतो. अंतर बदलले की त्या पुरवठादाराच्या सगळ्या कमाल पातळ्या नव्या दिवसांवर पुन्हा काढाव्या लागतात, एवढे विसरू नये.

तेव्हा कामाला सुरुवात नऊशे प्रकारांच्या यादीने करू नका. पंधरा-सोळा पुरवठादारांची यादी घ्या आणि प्रत्येकासमोर चार गोष्टी लिहा: गाडी ठरल्या दिवशी येते का, त्याच्याकडून किती प्रकार येतात, लीड टाइम किती आणि तो किती हलतो, आणि एका खेपेला काय खर्च येतो. जिथे गाडीचा दिवस ठरलेला आहे किंवा एका खेपेत बरेच प्रकार येतात, ते पुरवठादार नियतकालिक आढाव्यावर ठेवा. उरलेल्यांमधून महाग, थोडका खपणारा आणि एकेक मागवता येणारा माल सतत आढाव्यावर टाका. याखेरीज नट, वॉशर असा अगदी स्वस्त माल असेल, तर त्याला सॉफ्टवेअरही नको आणि शुक्रवारही नको. दोन डबे ठेवावेत, पहिला रिकामा झाला की एक डबा मागवावा आणि तोवर दुसऱ्यातून विकावे. हाही सतत आढावाच आहे, फक्त त्याला नोंदीची गरज नाही.

सतत आढाव्यावर टाकलेल्या मालाची प्रत्यक्ष मोजणी थांबवू नका. दर शुक्रवारी त्यांतले थोडे प्रकार भांडारपालांनी मोजावेत, म्हणजे तीन महिन्यांत सगळ्यांवरून एकदा हात फिरेल. पहिले तीन महिने सॉफ्टवेअरला ऑर्डर आपोआप पाठवू देऊ नका. त्याने फक्त सुचवावे आणि भांडारपालांनी पाहून पाठवावे. त्यांनी एखादी सूचना नाकारली, तर कारण एका ओळीत लिहून ठेवायला सांगा. त्या ओळींमध्ये ‘माल वाटेत आहे’ वारंवार आले, तर सॉफ्टवेअर फळीकडेच पाहते आहे. ‘फळीवर एवढे नगच नाहीत’ आले, तर नोंदी बिघडल्या आहेत. आणि ‘मंगळवारच्या गाडीबरोबर मागवू’ आले, तर तो पुरवठादार तुम्ही चुकीच्या यादीत टाकला आहे.